आम्ही अतिक्रमणदार, आम्ही सरपंच

(१ मे रोजी झालेल्या पहिल्या ग्रामसभेत नव्या सरपंचांनी वस्तीच्या वतीनं करून दिलेली ओळख. बोलताना जिथं तुटलं तिथं नंतर वस्तीवर बसून सगळ्यांनी मिळून पुरं केलं आहे.)



रिवाज असा आहे की नव्या सरपंचानं पहिल्या ग्रामसभेत उभं राहायचं, नाव सांगायचं, "तुमच्या आशीर्वादानं निवडून आलो" म्हणायचं आणि पुढाऱ्याचं नाव घेऊन खाली बसायचं. बाई सरपंच असली तर तेवढंही नाही. तिच्या वतीनं तिचा नवरा बोलतो, ती पदर सावरत बसते. आमच्या मालकांना आम्ही आज मागं झाडाखाली बसवलंय. ते तिथं बरे आहेत, कुणी त्यांना पुढं बोलावू नका.

आम्ही "आम्ही" म्हणतो ते मोठेपणानं नाही. अर्ज भरायला पैसे वस्तीनं गोळा केले, कागद वस्तीतल्या पोरांनी तालुक्याला खेटे घालून जमवले, म्हणून हे पद एकटीचं नाही. सकाळी झेंडा वर गेला तेव्हा दोरी आमच्या हातात होती, तरी ओढणारे हात वीस घरांचे होते.

तर आमची ओळख. आम्ही फासेपारधी. आमची आजी-पणजी ज्या कायद्याखाली जगली तो इंग्रजांनी १८७१ साली केला आणि १९५२ साली रद्द झाला. जमातच्या जमात जन्मानं गुन्हेगार, असं म्हणणारा तो कायदा. तो गेला, पण चोरी कुठंही झाली की पहिली गाडी आमच्याकडंच येते, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्ही राहतो गायरानात. आम्ही कसतो तेही गायरान, साडेतीन एकर. बाजरी, तूर, पाऊस बरा झाला तर थोडा कापूस. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातो आणि पाडव्याच्या आसपास परत येतो. ही झाली ओळख.

आता ही ओळख दिल्यावर मागच्या बाकावर दोघा-तिघांनी एकमेकांकडं पाहिलं, ते आम्हाला दिसलं. त्यांच्या मनात जे आलं ते आम्हीच बोलून टाकतो. "बाईनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. आता अर्ज टाकायला मोकळे."

टाका. पण आधी गावाला समजू द्या की कशाचा अर्ज, कोणत्या कलमाचा. कारण ही गोष्ट गावात कुजबुजीनं चालते, उजेडात कुणी सांगत नाही.

ग्रामपंचायत कायद्यात कलम १४ आहे. कोण सदस्य राहू शकत नाही याची ती यादी. त्या यादीत २००६ साली एक पोटकलम घातलं, ज-३. ज्यानं सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केलं असेल तो ग्रामपंचायतीवर राहू शकत नाही. कुणीही कलेक्टर साहेबांकडं अर्ज द्यायचा. चौकशी होते, तलाठ्याचा आणि ग्रामसेवकाचा अहवाल जातो, निकाल लागतो. त्यावर विभागीय आयुक्तांकडं अपील. ऐकायला कलम चांगलं आहे. गावची जागा गिळणाऱ्यानं गावचा कारभार करू नये, याला आमचं काय म्हणणं असणार?

मग प्रश्न आला की ज्याच्या आज्यानं जमीन फोडली, त्या नातवाला, सुनेला हे कलम लागतं का? २०१७ साली सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींनी सांगितलं, की ज्यानं प्रत्यक्ष अतिक्रमण केलं त्यालाच लागतं. २०१८ साली जनाबाई नावाच्या सदस्याच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं. अतिक्रमण बापानं केलं असो की आज्यानं, त्या जागेत जो राहतो, ती वापरतो, तोही अपात्र. झालं. त्या दिवसापासून गायरानात जन्मलेलं प्रत्येक लेकरू, राखीव जागेवर उभं राहायच्या आधीच अपात्र धरलं जाऊ शकतं.

नीट बघा, गंमत कशी आहे. आपल्या बीड जिल्ह्यात आदिवासी शंभरात जेमतेम एक-दीड. त्यामुळं पेसा कायदा इथं नाही, ती गावं नाशिक-नंदुरबार-गडचिरोलीकडं. इथं आदिवासीला सरपंचपद मिळतं ते चिठ्ठीनं. चिठ्ठी आमच्या गावाची निघाली तेव्हा वस्तीवर तीन पुढारी येऊन गेले, तिघांनाही "आपला माणूस" उभा करायचा होता. आणि त्या चिठ्ठीला लायक घरं गावात कुठली? सगळी गायरानातली. म्हणजे एक कायदा म्हणतो या खुर्चीवर पारध्यानंच बसायचं. दुसरा म्हणतो, जिथं पारधी राहतो तिथं राहणाऱ्यानं बसायचं नाही.

आम्ही फासेपारधी आहोत, फास आम्हाला कुणी शिकवायला नको. तितर धरायचा तर त्याच्यामागं पळत नाहीत. तो रोज ज्या वाटेनं दाणे टिपायला जातो त्या वाटेवर फास मांडतात. हे कलम आमच्या वाटेवर मांडलंय, मुद्दाम की चुकून ते मांडणाऱ्याला ठाऊक. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. मग दोन वर्षं वाट कोण बघणार? अतिक्रमणाचा अर्ज दुसऱ्याच दिवशी टाकता येतो.

आणि हे काही आमच्या डोक्यातलं भूत नाही. जळगाव जिल्ह्यात पारोळा तालुक्यात विचखेडा म्हणून गाव आहे. तिथं महिला राखीव जागेवर २०२१ साली मनीषा पानपाटील सरपंच झाल्या. गावातल्या लोकांनी अर्ज दिला, की ही बाई सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहते. त्या सांगत होत्या की आम्ही नवरा-बायको, लेकरं वेगळे भाड्याच्या घरात राहतो, ते घर पडायला आलंय. कलेक्टरनं अपात्र केलं. आयुक्तांनी तेच कायम केलं. हायकोर्टात २०२३ साली तांत्रिक कारणावर अर्ज निघाला. शेवटी २०२४ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं त्यांना पद परत दिलं आणि सरकारी कचेऱ्यांना बोल लावले, की निवडून आलेल्या बाईला काढणं इतकं हलक्यानं घेता येत नाही, बाई सरपंच झाली हेच गावाला पचलं नव्हतं.

बाई जिंकली, पण हिशेब करा. पाच वर्षांच्या मुदतीतली साडेतीन वर्षं झाली होती. दिल्लीपर्यंत जायला कुणाकडं पैसा असतो? आणि आमच्यासाठी त्या निकालात एक अडचण आहे, ती लपवायची नाही. त्या बाईंचं म्हणणं होतं की मी त्या जागेत राहतच नाही. आम्हाला तसं म्हणता येत नाही. आम्ही राहतो. आमची चूल तिथं आहे. वकील साहेबांनी सुचवलं होतं की गावातल्या कुणाच्या खोलीची भाडेपावती करून ठेवा. वस्तीवर बैठक झाली, दोन रात्री वाद झाला. काही जण म्हणाले करा, पद टिकलं तर जमीन टिकंल. पण म्हाताऱ्यांनी विचारलं ते बरोबर होतं. सरपंचानंच लिहून दिलं की मी गायरानात राहत नाही, तर उद्या जमिनीच्या दाव्यात वहिवाट कुणाची दाखवणार? खुर्चीसाठी खोटं लिहिलं की जमीन गेली. म्हणून आम्ही आज खरं बोलतोय, आणि ते भाऊसाहेबांनी इतिवृत्तात शब्दाला शब्द लिहावं अशी मागणी करतोय.

पण शब्द कोणता लिहायचा, तिथं लक्ष द्या भाऊसाहेब. "सरपंचांनी अतिक्रमण कबूल केलं" असं लिहू नका. आम्ही ते म्हणत नाही. लिहा की, "सरपंचांचं कुटुंब गायरान गटातली साडेतीन एकर जमीन १९८४ पासून कसतं. शासनाच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाप्रमाणे ती नियमाकूल करण्याचा अर्ज तहसीलला प्रलंबित आहे." यात एक अक्षर खोटं नाही आणि एक अक्षर कमीही नाही.

हा १९९१ चा निर्णय गावातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागास जाती-जमातींच्या भूमिहीनांनी शेतीसाठी सरकारी पडीक, गायरान जमीन कसायला घेतली असेल, तर ती त्यांच्या नावे करायची. १४ एप्रिल ही तारीख कुणाची ते सांगायला नको. मराठवाड्यात एकनाथ आवाड जिजांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी मार खाऊन, केसेस घेऊन या जमिनी राखल्या, ते या जिल्ह्यातलंच आहे.

आता पुरावा काय? तलाठी साहेब, इथं तुमचं काम येतं. तुमच्या दप्तरात गाव नमुना १-ई आहे, सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणाची नोंदवही. कुणी, कुठल्या गटात, किती क्षेत्रावर, कशासाठी, ते तिच्यात लिहिलेलं असतं. त्या वहीत १९९० च्या आधी आमच्या सासऱ्याचं नाव आलं असेल तर जमीन आमच्या नावे व्हायचा तो सगळ्यात मोठा पुरावा. आणि तेच पान कुणी कलेक्टरकडं नेलं तर आमचं पद घालवायचाही तोच पुरावा. एकच पान. १९९१ चा निर्णय वाचून ते उघडलं तर आम्ही जमिनीचे हक्कदार, आणि कलम १४ वाचून उघडलं तर आम्ही चोर. महसूल कायद्यातही असंच आहे. कलम ५० म्हणतं अतिक्रमण काढा, त्याला लागूनच कलम ५१ म्हणतं नियमाकूल करता येतं. आमच्या आयुष्यात साहेबांचं बोट पन्नासवर थांबतं, एक्कावन्नवर जातच नाही.

सासऱ्याची दुसरी कागदं पण आहेत. दंडाच्या दोन पावत्या आहेत, तेल लागलेल्या, पण तारीख वाचता येते. आणि एक फौजदारी केस आहे, गायरान नांगरलं म्हणून. ज्या केसनं त्यांना कोठडी दाखवली, तीच आज सांगते की माणूस त्या साली त्या रानात नांगर धरून उभा होता. ज्यांच्या घरात असे कागद आहेत त्यांनी ते पत्र्याच्या पेटीत ठेवा. पावसात भिजलं तर दुसरी प्रत मिळवायला जन्म जातो.

मागच्या बाकावरचे आता म्हणतील, "गायरान गुरांचं आहे, सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय." खरं आहे, २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग प्रकरणात सांगितलं की गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, आणि आपल्या सरकारनं त्याच वर्षी जुलैत निर्णयही काढला. पण त्या निकालाचं शेवटचं पान कुणी वाचून दाखवत नाही. तिथं अपवाद लिहिलाय. भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना सरकारच्या आदेशानं जमीन दिली असेल तिथं नियमाकूल करता येतं. निकाल होता तळी, गायरानं गिळणाऱ्या धनदांडग्यांविरुद्ध. आमच्या इथं तो येताना वाटेत कसा फिरला ते कळत नाही.

आणि गुरांची काळजी आम्हालाही आहे, आमच्याही शेळ्या आहेत. शेळी बांधावर चरते, काही म्हणत नाही. पण गायरानात सौर प्लेटा बसवायला सरकार स्वतः जमीन देतं तेव्हा गुरं कुठं जातात, हे कुणी विचारलेलं आम्ही अजून ऐकलं नाही.

आता "अतिक्रमण" हा शब्द काढलाच आहे, तर सगळ्यांचा काढू. कलमात "सरकारी जमीन किंवा सार्वजनिक मालमत्ता" असं आहे, गायरान असं नाही. शिवारातली पांदण कागदावर बैलगाडी जाण्याएवढी आहे, आज तिच्यातून सायकल निघत नाही. बाकीची कुणाच्या उसात गेली? गावठाणात रस्त्यावर पुढं आलेले ओटे, संडासाच्या टाक्या, मंदिराच्या पटांगणात सरकलेली भिंत, ही कुणाची? आम्ही नावं घेणार नाही. कुणावर अर्जही टाकणार नाही, आम्हाला सूड नको. पण आमच्यावर अर्ज आला तर आम्ही त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या ठरावानं सगळ्या गावठाणाची आणि पांदणीची मोजणी मागू. भूमी अभिलेखचा माणूस येईल, मोजणीची खूण रोवेल, मग कोण कोण सदस्य राहतं ते बघू. हे धमकी म्हणून घ्यायचं तर घ्या.

दुसरा फास जातीच्या दाखल्याचा. राखीव जागेवर निवडून आलेल्यानं ठरलेल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर निवडच रद्द होते. त्याला जुना पुरावा लागतो, आणि जुना म्हणजे १९५० च्या आधीचा असला तर बरा. त्या काळात पारध्याचं पोरगं कुठल्या शाळेत होतं? आमच्या पूर्वजांची नावं जर कुठं लिहिली असतील तर ती पोलिसाच्या नाहीतर तुरुंगाच्या वहीत. ज्यांनी आम्हाला गुन्हेगार म्हणून लिहिलं, त्यांच्याच लिहिण्यावर आम्ही आज आदिवासी ठरणार. ते कागद मागवलेत. पोलीस पाटील, तुमची मदत लागेल, नाही म्हणू नका.

शेवटचं, ग्रामसभेचं. ग्रामसभेला मतदारांच्या शंभरात पंधरा किंवा शंभर माणसं, जे कमी असेल तेवढी लागतात. तेवढी झाली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा परत घेतली की तिला गणपूर्ती लागत नाही. आजवर २६ जानेवारीची ग्रामसभा कशी झाली ते आठवा. आमची, महार-मांगांची, वंजाऱ्यांची, बंजाऱ्यांची माणसं तेव्हा कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात फडात. सभा तहकूब झाली, पुन्हा पाच-दहा जणांत उरकली आणि गायरानाचे ठराव त्यातच झाले. गायरानात राहणारा कुणी तिथं नव्हताच. आम्हाला कळलं ते परत आल्यावर, तेही चहाच्या टपरीवर.

कुणाचं पाप काढायचं नाही. पण या पाच वर्षांत गायरानाचा विषय कोयता गावात नसताना कुठल्याही सभेत येणार नाही. तो येईल १ मेला, १५ ऑगस्टला, फार तर २ ऑक्टोबरला, टोळ्या निघायच्या आधी. महिला ग्रामसभा त्याआधी वेगळी होईल, आणि ती बायकांचीच होईल. आमच्या स्वतःच्या साडेतीन एकराचा विषय निघेल तेव्हा आम्ही या खुर्चीवरून उठून खाली सतरंजीवर बसू. उपसरपंच आबा खुर्चीवर बसतील. आबांनी आमच्या विरोधात प्रचार केला होता, तरीही तेच बसतील. सरपंचानं स्वतःच्या जमिनीचा ठराव स्वतःच्या सहीनं करून घेतला, असं कुणाला म्हणायला जागा ठेवायची नाही.

भाऊसाहेब, आता तीन ओळी लिहून घ्या आणि वाचून दाखवा. एक, गायरानात कसणाऱ्या सगळ्या घरांची यादी, क्षेत्र आणि साल यासह, पंधरा दिवसांत वस्तीवर येऊन करायची, चावडीत बसून नाही. दोन, तलाठी साहेबांनी १-ई ची १९७८ ते १९९० ची पानं पुढच्या सभेत आणायची आणि मोठ्यानं वाचायची, ज्याला नक्कल पाहिजे त्याला रीतसर फी घेऊन द्यायची. पानं फाटली असतील, सापडत नसतील तर तसं लेखी द्यायचं, तोंडी नाही. तीन, १९९१ च्या निर्णयाप्रमाणे किती अर्ज तहसीलला पडून आहेत ते ग्रामपंचायतीनं पत्र देऊन विचारायचं.

तलाठी साहेब मान हलवताहेत. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते पण लिहून घ्या भाऊसाहेब. आणि ज्या आया-बायांना लिहिता येत नाही त्यांच्या अंगठ्याला शाई आणलीय, हजेरीच्या वहीत अंगठा उठवल्याशिवाय कुणी उठू नका. आज शंभरावर माणसं आहेत, आम्ही मोजलीत.